चिंचेऐवजी लिंबू, साखरेऐवजी गूळ: नव्यानं स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

पुण्यात नोकरी लागली आणि आम्ही तिघी मैत्रिणींनी मिळून एक घर भाड्यानं घेतलं, तेव्हा मला भात, वरण आणि पोहे एवढंच येत होतं. पहिल्याच महिन्यात एका संध्याकाळी आमटी करायला घेतली आणि चिंचेची बरणी रिकामी निघाली. लिंबू होतं. आंबटाला आंबट, असं म्हणून मी चिंचेचा कोळ घालतात त्या वेळी अख्खं लिंबू पिळलं आणि आमटी दहा मिनिटं खळखळून उकळली. आमटी कडवट झाली, आंबटपणा होता पण त्याला वासच नव्हता, आणि रंग फिका. चिपळूणला आईला फोन केला. लिंबू किती पिळलंस हे तिनं विचारलं नाही. तिनं विचारलं, “कधी पिळलंस?”

या लेखात मी मुख्यतः त्या ‘कधी’बद्दल लिहिणार आहे. एखाद्या जिनसाऐवजी दुसरा घालायचा म्हटलं की आपण माप शोधत बसतो. माप लागतंच, पण ते चुकलं तर चव घेऊन सुधारता येतं. वेळ चुकली तर पुष्कळदा काहीच करता येत नाही. मी इथे फक्त दोन जोड्या घेतल्या आहेत, आंबटाची आणि गोडाची, कारण मराठी घरात रोज अडतं ते याच दोन ठिकाणी.

१. आधी विचारा: तो जिन्नस पदार्थात काय काय करतो?

चिंच आमटीत नुसता आंबटपणा आणत नाही. तिचा कोळ दाट असतो, त्यामुळे आमटी थोडी मिळून येते. तिचा तपकिरी रंग उतरतो. तिच्यात थोडी गोडीही असते. आणि ती कितीही उकळली तरी बिघडत नाही, उलट मुरते. लिंबू यातलं फक्त एक काम करतं, आंबटपणाचं. शिवाय स्वतःचा ताजा वास आणतं, आणि तो वास उकळीत उडून जातो.

साखरेचंही तसंच आहे. चहात ती फक्त गोडी देते, तिथे तिला पर्याय सहज सापडतो. रव्याच्या लाडवात तिचा पाक लाडू बांधून धरतो. शंकरपाळ्यात ती खुसखुशीतपणा आणि रंग देते. तिथे ‘गोड तर दोन्ही आहेत’ एवढ्यावर गूळ घातला तर पदार्थ वेगळाच होऊन बसतो.

म्हणून डब्याकडे हात जाण्याआधी मनाशी दोन गोष्टी ठरवा. हा जिन्नस चवीशिवाय आणखी काय करतोय? आणि जो मी घालणार आहे त्याला विस्तव सोसतो का?

२. हाताशी काय ठेवावं

मोठी यादी नाही. रोज वापरायची एकच वाटी मापाला ठरवून टाका. माझी साधारण १५० मिलिलिटरची आहे, खाली ‘वाटी’ म्हटलं की तीच. एक चहाचा चमचा, एक पोहे खायचा मोठा चमचा. बारीक जाळीची गाळणी, कारण गूळ गाळल्याशिवाय वापरायचा नाही. आणि चाचणीसाठी एक छोटी वाटी, जिच्यात पळीभर पदार्थ काढून त्यात आधी प्रयोग करायचा. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर गुळासाठी फार उपयोगी पडतो, पण त्याच्यावाचून अडत नाही.

फडताळात दोन टिकाऊ आंबट असू द्या: आमसुलं आणि आमचूर. झाकण घट्ट असेल तर दोन्ही महिनोन्‌महिने राहतात. लिंबं संपतात, सुकतात. ही दोन वेळेला उभी राहतात.

३. चिंचेच्या जागी काय, आणि ते कधी घालायचं

माप समजायला एक आधार घेऊ: सुपारीएवढी चिंच, म्हणजे अंदाजे दहा ग्रॅम. चार जणांच्या आमटीला एवढी पुरते. तिच्या बदल्यात खालचं धरा.

*लिंबू.* मध्यम आकाराच्या एका रसदार कागदी लिंबाचा रस साधारण तेवढाच आंबटपणा देतो. घालायचा मात्र गॅस बंद केल्यावर, उकळी पूर्ण बसल्यावर. लिंबाचा खास वास उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. उकळलं की ती जातात आणि मागे नुसता आंबटपणा उरतो. बिया किंवा साल पदार्थात उकळली गेली तर कडवटपणा उतरतो. म्हणून बिया काढून रस वेगळ्या वाटीत पिळा, साल फार जोरानं दाबू नका, आणि मगच तो रस घाला. पातेल्यावर थेट पिळायची सवय लागली असेल तर ती सोडा, अर्धी कडू आमटी तिथूनच येते.

*आमसूल.* आमच्या कोकणात आमटीला आमसूलच, चिंच क्वचित. माझी सोलापूरची मैत्रीण चिंचेशिवाय आमटीची कल्पनाच करत नसे. दोघी एकाच घरात राहिल्यामुळे मला हे दोन्ही एकमेकांच्या जागी घालून बघता आले. सुपारीएवढ्या चिंचेला चार ते पाच आमसुलं. डाळ शिजून आमटी उकळायला लागली की ती तशीच टाकायची आणि सात-आठ मिनिटं उकळू द्यायची, तेव्हा त्यांचा आंबटपणा उतरतो. आमसुलाला उकळी सोसते, त्यामुळे चिंचेचा खरा जोडीदार हाच. एक सापळा मात्र आहे: सुकवताना बहुतेक ठिकाणी आमसुलांना मीठ लावतात. म्हणून आमसूल घालणार असाल तर आमटीतलं मीठ नेहमीच्या निम्मं ठेवा आणि शेवटी चव बघून वाढवा. आमटी उरली तर आमसुलं काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती फार आंबट लागते.

*आमचूर.* चहाचा एक सपाट चमचा. कोरडा वरून भुरभुरला तर गुठळ्या होतात. दोन चमचे पाण्यात कालवून आमटी उतरवायच्या दोन-तीन मिनिटं आधी घाला. सुक्या भाज्यांना, म्हणजे भेंडी, कारली, भरली वांगी यांना, चिंचेऐवजी मला आमचूरच सगळ्यांत बरं वाटतं, कारण ते पाणी आणत नाही.

*टोमॅटो.* हा चिंचेच्या मानानं फारच कमी आंबट आहे. सुपारीएवढ्या चिंचेची भरपाई करायला तीन टोमॅटो लागतील आणि तेवढ्यानं ती आमटी टोमॅटोचं सार होईल. एखादा टोमॅटो फोडणीत मऊ होईपर्यंत परतून घ्या, म्हणजे दाटपणा आणि रंग येतो, आणि उरलेला आंबटपणा शेवटी अर्ध्या लिंबानं आणा.

*दही.* आमटीत मी घालत नाही. उकळीत ते फुटतं आणि पातेलंभर कण दिसतात. कढीत ते टिकतं कारण तिथे बेसन असतं.

*लिंबूफूल.* ढोकळ्यासाठी आणलेलं सायट्रिक अॅसिड पुष्कळांच्या घरी असतं. ते फार तीव्र असतं. वापरायचंच असेल तर चिमूटभर पाण्यात विरघळवून, आणि आधी छोट्या वाटीत चाखून.

४. एक आमटी सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता हे सगळं एका पातेल्यात बघू. चार जण, चिंच नाही, घरात एक लिंबू आणि गूळ आहे.

पाऊण वाटी तूरडाळ धुऊन हळद आणि चमचाभर तेल घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. इथे काहीही आंबट घालू नका, अगदी आमसूलही नाही. आंबटात डाळ शिजायला अडून बसते. दाणा टणक राहतो आणि मग शिट्ट्या वाढवून उपयोग होत नाही. बटाटा आणि गवारही आंबटात अशीच हट्टी होतात. हा नियम चिंचेलाही लागू आहे, पण चिंच आपण कोळ काढून उशिरा घालतो म्हणून तो सहसा लक्षात येत नाही.

डाळ चांगली घोटा. नेहमी चिंचेच्या कोळाबरोबर अर्धी वाटी पाणी जातं, आज ते जाणार नाही. पण कोळाचा दाटपणाही येणार नाही. म्हणून एकूण पाणी नेहमीपेक्षा पाव वाटी कमी घ्या आणि डाळ थोडी जास्त घोटा. दोन्ही मिळून आमटी जशी हवी तशी दाट राहते.

तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता अशी फोडणी करा, घोटलेली डाळ ओता, तिखट, मीठ आणि चहाचे दोन चमचे गोडा मसाला घाला. सुपारीएवढा गूळ आत्ताच घाला. गुळाला उकळी सोसते, मसाल्याबरोबर तो मुरतो, आणि चिंचेचा जो रंग आज मिळणार नाही तो थोडा गुळातून आणि मसाल्यातून येतो. पाच-सात मिनिटं उकळा. आत्ता चाखलीत तर आमटी गोडसर आणि अपुरी लागेल. घाबरून आणखी तिखट घालू नका, अजून आंबट यायचं आहे.

गॅस बंद करा. पातेलं दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा. आता छोट्या वाटीत पळीभर आमटी काढा आणि तिच्यात लिंबाच्या रसाचे पाच-सहा थेंब घालून चाखा. आवडलं तर पातेल्यात आधी अर्ध्या लिंबाचा रस घाला, ढवळा, चाखा, मग उरलेला. पूर्ण लिंबू लागेलच असं नाही, कारण लिंबाचा आंबटपणा जिभेला चटकन लागतो आणि चिंचेचा रेंगाळतो. चिंचेची आमटी जितकी आंबट लागते तितकी लिंबाची करायला गेलात तर ती टोचते. थोडी कमीच ठेवा.

आमटी दुसऱ्या दिवसालाही हवी असेल तर? मग पातेल्यात लिंबू घालूच नका. आज खायची तेवढी वेगळ्या भांड्यात काढून तिच्यात रस घाला. उरलेली बिनआंबट ठेवून उद्या गरम केल्यावर गॅस बंद करून लिंबू पिळा. चिंचेची आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते, लिंबाची परत उकळली की मेलेली लागते. आमसुलाच्या आमटीला ही काळजी नाही.

५. जिथे लिंबानं भागत नाही

सगळ्यांत आधी अळू. अळूच्या पानात आणि देठात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांच्यामुळे. म्हणून फदफद्यात चिंच चवीला वरून घालत नाहीत, ती अळूबरोबर शिजवतात. अळू आंबटासोबत पूर्ण शिजलं की खवखव कमी होते हा घरोघरचा अनुभव आहे. चिंच नसेल तर आमसुलं घालून शिजवा, किंवा आंबट ताकातलं अळू करा, तोही जुना प्रकार आहे. यातलं काहीच नसेल आणि फक्त लिंबू असेल तर मी त्या दिवशी अळू करत नाही. शेवटी पिळलेलं लिंबू ताटातल्या चवीला येतं, शिजताना अळूला त्याचा काही उपयोग होत नाही.

दुसरं म्हणजे भेळेची चटणी. तिथे चिंच म्हणजेच चटणीचं अंग. लिंबूपाण्यात गूळ विरघळवला तर सरबत होईल. आमचूर मात्र इथे छान चालतं: मोठे दोन चमचे आमचूर एका वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, त्यात पाऊण वाटी चिरलेला गूळ, जिरेपूड, सुंठपूड, तिखट आणि काळं मीठ घालून मंद आचेवर चमच्याला लेप बसेपर्यंत आटवा. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून किंचित पातळ असतानाच उतरवा.

अळूवडीच्या बेसनाचंही तेच. पिठात पातळ रस गेला तर ते पानावरून ओघळतं. चिंच नसेल तर आमचूर घाला आणि पाणी बेतानं वाढवा.

६. साखरेऐवजी गूळ: कोणता आणि किती

दुकानात ‘गूळ’ या एका शब्दाखाली बरेच प्रकार मिळतात. रोजच्या वापराला साधा गूळ, जो नखानं खरवडला जातो आणि तोंडात चटकन विरघळतो. ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून मिळतो तो वेगळा. त्याचा पाक चिकट आणि कडक होतो, चिक्कीला तेच हवं असतं. तो चुकून लाडवाला किंवा पुरणाला वापरलात तर गार झाल्यावर पदार्थ चिवट होतो. दुकानदाराला विचारून घ्या. आणि घरी आणल्यावर आधी एक खडा चाखा: काही गूळ चक्क खारट असतो. आमटीत तो खपून जातो, खिरीत अजिबात नाही.

मापात फसायला होतं ते वाटीमुळे. चिरलेला गूळ वाटीत पोकळ बसतो, साखर दाबून बसते, म्हणून वाटीला वाटी घेतली की पदार्थ अगोड होतो. शिवाय गुळात थोडं पाणी आणि क्षार असतात, त्यामुळे वजनाला वजन घेतलं तरी तो साखरेपेक्षा जरा कमी गोड. वजन करत असाल तर १०० ग्रॅम साखरेला ११० ते १२० ग्रॅम गूळ. वाटीनं मोजत असाल तर एक वाटी साखरेला बारीक चिरून दाबून भरलेली सव्वा वाटी गूळ. आणि गुळानं पदार्थ सैल होतो म्हणून पाककृतीतलं पाणी किंवा दूध दर वाटीमागे मोठा चमचा-दीड चमचा कमी करा.

गूळ नेहमी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, गाळून वापरा. तळाला काय उरतं ते एकदा बघा: उसाची चिपाडं, कधी बारीक खडे. दाताखाली एक खडा आला तर सगळा शिरा वाया.

शिऱ्याला एक क्रम सांभाळा. भाजलेल्या रव्यात आधी उकळतं साधं पाणी घालून झाकण ठेवा, रवा पूर्ण फुलू द्या, आणि मगच गाळलेलं दाट गूळपाणी घाला. सगळं एकदम ओतलंत तर गोड पाण्यात रवा नीट फुलत नाही, दाणे कचकचीत राहतात. गुळाच्या शिऱ्यात मी दूध घालत नाही. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

एक गोष्ट इथेच सांगते. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर ‘साखर नाही, गूळ घातलाय’ म्हणून त्यांना जास्तीचं वाढू नका. गुळात बहुतांश साखरच असते आणि तो रक्तातली साखर वाढवतोच.

७. दूध आणि गूळ

नवख्यांचं सगळ्यांत जास्त दूध इथे फाटतं. माझंही फाटलं. मैत्रिणीच्या वाढदिवसाला शेवयांची खीर करत होते, साखर संपली म्हणून उकळत्या खिरीत गुळाचे खडे टाकले, आणि दोन मिनिटांत पातेल्यात पाणी एकीकडे आणि दुधाचे गोळे दुसरीकडे. गुळात किंचित आंबटपणा असतो आणि क्षार असतात. दूध उकळतं असताना एवढंही त्याला पुरतं आणि त्यातली प्रथिनं गोळा होतात. साखरेत हे काही नसतं, म्हणून साखर कधीही घातली तरी चालते.

आता मी ती खीर अशी करते. अर्धा लिटर दूध, तुपावर परतलेल्या पाऊण वाटी शेवया, वेलची. शेवया दुधात पूर्ण शिजवून घ्यायच्या आणि दूध नेहमीपेक्षा थोडं जास्त आटवायचं, कारण नंतर गुळाचं पाणी येणार आहे. गॅस बंद. दुसऱ्या भांड्यात ७० ग्रॅम गूळ, म्हणजे साधारण अर्धी वाटी दाबून, तीन मोठे चमचे पाण्यात विरघळवायचा, एक उकळी आणायची, गाळायचा आणि गार होऊ द्यायचा. खीर बोट घालून सहज धरता येईल इतकी कोमट होईपर्यंत थांबायचं, साधारण अर्धा तास.

मग चाचणी. छोट्या वाटीत दोन चमचे कोमट खीर, तिच्यात अर्धा चमचा गूळपाणी, ढवळून एक मिनिट वाट बघायची. वाटीच्या कडेला कण दिसले तर खीर अजून गरम आहे किंवा गूळ जरा जास्त आंबट आहे. खीर पूर्ण गार करून परत चाचणी घ्या. तरीही कण आले तर त्या गुळाचा नाद सोडा आणि शेजारून वाटीभर साखर आणा. कण नाही आले तर पातेल्यात बारीक धारेनं ओता आणि ढवळत राहा.

एकदा गूळ गेला की ती खीर परत उकळायची नाही. गरम हवी असेल तर वाढायची वाटी गरम पाण्यात ठेवा.

चहाचंही असंच. दूध वेगळं उकळा, कोरा चहा गुळासकट वेगळा उकळा आणि गाळा, कपात आधी चहा आणि वरून दूध. पातेल्यात दूध-गूळ एकत्र उकळला तर कधी टिकतो, कधी फाटतो. ते त्या दिवशीच्या गुळावर असतं.

आपल्याकडच्या जुन्या गोडात गुळाच्या जोडीला पुष्कळदा नारळाचा रस असतो. गोव्यातलं आणि तळकोकणातलं मणगणं बघा: हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. घरात नारळ असेल आणि साखर नसेल तर गायीच्या दुधाशी झगडण्यापेक्षा हा रस्ता बरा. फक्त नारळाचा दाट रस शेवटी घालायचा आणि खळखळून उकळायचा नाही, तोही फुटतो.

८. पाक असेल तर थांबा

साखरेचा एकतारी पाक गार होताना परत साखरेचे कण धरतो, आणि त्या कणांमुळे रव्याचा लाडू कोरडा आणि घट्ट बांधला जातो. गुळाचा पाक तसं करत नाही. तो एकतर ओलसर चिकट राहतो, नाहीतर पुढे जाऊन टणक होतो. पहिल्यांदा लाडू करत असाल तर पाकातल्या रव्याच्या लाडवात गूळ घालू नका. गूळच घरात आहे तर कणकेचे लाडू करा: तुपावर खमंग भाजलेली कणीक थोडी निवली की त्यात बारीक किसलेला गूळ, पाक नाहीच. कणीक फार गरम असेल तर गूळ वितळून मिश्रण चिवट होतं, हात लावता येईल इतकी निवू द्या.

शंकरपाळ्यांना गूळ चालतो, पण तळताना आच मंद हवी. गुळानं रंग साखरेपेक्षा लवकर चढतो. बाहेरून तपकिरी दिसली म्हणून काढलीत तर आतून कच्ची निघतात. पहिली दोन-तीनच तळा, एक मोडून आत बघा, मग घाणा टाका.

९. उलटं: गूळ नाही, साखर आहे

आमटी-भाजीत हे अगदी सोपं. गुळाच्या पाऊणपट साखर, आणि गोडा मसाला किंचित जास्त, कारण गुळाचा खमंगपणा साखरेत नाही.

पुरणात साखर चालते, बऱ्याच घरी निम्मा गूळ निम्मी साखर घालतातच. साखर घातल्यावर पुरण एकदम पातळ होतं, तेव्हा घाबरायचं कारण नाही. आटवत राहा, आणि मध्ये उलथणं उभं रोवून बघा. ते न पडता उभं राहिलं की पुरण झालं. गूळ असो वा साखर, खूण हीच.

तिळाच्या वड्या साखरेच्या पाकात होतात, पण तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याचा पाक शिकून घ्यावा लागतो. गुळाची कृती समोर ठेवून तिच्यात साखर टाकू नका.

१०. बिघडलंच तर

आमटी फार आंबट झाली तर खायचा सोडा घालू नका. आंबटपणा मरतो खरा, पण साबणासारखी चव येते आणि ती जात नाही. शिजलेली डाळ किंवा ओलं खोबरं वाटून घाला, गरम पाणी घाला, मीठ आणि मसाला पुन्हा बघा. थोडा गूळ मदत करतो, पण तेवढ्यावरच विसंबलात तर आंबट-गोड दोन्ही वाढत जातं.

लिंबामुळे कडू झालेली आमटी गुळानं सुधारत नाही, कडूपणा खालून लागतच राहतो. निम्मी आमटी बाजूला काढा, तेवढीच नवी डाळ घोटून घाला. काढलेल्या निम्म्या आमटीत कणीक, तिखट, ओवा घालून थालीपिठासारखं लावलं तर तव्यावरच्या खरपूसपणात तो कडूपणा फारसा जाणवत नाही.

गुळानं फाटलेलं दूध टाकून देऊ नका. शेवया नसतील तर गाळा, गोळा झालेला चोथा कढईत घेऊन थोडा गूळ आणि वेलची घालून मंद आचेवर कोरडा होईपर्यंत परता आणि ताटलीत थापा. आमच्या त्या वाढदिवसाच्या पातेल्यात शेवया होत्या, म्हणून गाळता आलं नाही. आम्ही सगळंच तुपावर आटवलं, आणि खीर म्हणून वाढायचं ते वडी म्हणून कापून खाल्लं.